विश्लेषण : समुद्रात माल भिजला, तर विम्याचे पैसे किती मिळतात? हा आकडा ठरतो कसा?

मे २०२५ मध्ये 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज कोचीजवळच्या समुद्रात बुडाले. सहाशेहून अधिक कंटेनर त्याच्यावर होते. दोनच आठवड्यांनी कोलंबोहून न्हावा-शेवाकडे येणाऱ्या 'वान हाय ५०३' या जहाजाला केरळच्या किनाऱ्यापासून दूर आग लागली. अशा अपघातात नुकसान कशामुळे झाले, हे सगळ्यांना दिसते. पण जहाज सुखरूप बंदराला लागते, कंटेनर उघडला जातो आणि आतला माल ओला निघतो, तेव्हा प्रश्न अवघड होतो. पाणी आले कुठून? नुकसान किती झाले? आणि विमा कंपनीकडे नेमकी किती रक्कम मागायची?

एक उदाहरण घेऊन पाहू.

नेमके काय घडते?

सिंधुदुर्गातले किंवा चंदगडचे काजू कारखाने आफ्रिकेतून कच्चा काजू मागवतात. समजा, अशा एका कारखान्यासाठी २०० पोती काजू न्हावा-शेवाला उतरला. कंटेनर कारखान्यात आला. सील शाबूत होते, पण छताला लहानसे भोक होते आणि त्याखालची ६० पोती ओली होती.

अशा वेळी माल घाईने उतरवून गोदामात रचला, तर पुरावाच नाहीसा होतो. आधी सील, छताचे भोक आणि पोती जशी आहेत तशी त्यांचे फोटो काढायचे. मग विमा कंपनीला कळवून सर्व्हेअर मागवायचा. त्याच वेळी जहाज कंपनीलाही लेखी कळवायचे. नुकसान बाहेरून दिसत नसेल, तर ही सूचना माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत द्यावी लागते. ती दिली नाही, तर माल चांगल्या स्थितीत मिळाला असे गृहीत धरले जाते. विमा कंपनी दाव्याचे पैसे दिल्यावर तेच पैसे जहाज कंपनीकडून वसूल करायला जाते. ही सूचना दिली नसेल, तर तिची वसुली अडचणीत येते आणि त्याचे खापर दावेदारावर फुटते.

ओला माल वेगळा करून वाळवणे हेही मालकाचेच काम. विमा आहे म्हणून चांगली पोती ओल्यांशेजारी कुजू दिली, तर ते वाढीव नुकसान विमा कंपनी नाकारू शकते.

सर्व्हे रिपोर्ट काय सिद्ध करतो?

सर्व्हेअर फक्त ओली पोती मोजत नाही. पाणी समुद्राचे, पावसाचे, की कंटेनरच्या आत बाष्प साठून झालेले, हे तो शोधतो. त्यासाठी सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण वापरतात. ओल्या डागावर त्याचे थेंब टाकल्यावर दुधासारखा पांढरा साका आला, तर तिथे क्षार आहे, म्हणजे पाणी समुद्राचे असण्याची शक्यता मोठी. मात्र खाऱ्या हवेमुळे किंवा घामाच्या हातांमुळेही थोडी खूण उमटू शकते. म्हणून जाणकार सर्व्हेअर कोरड्या पोत्यांवरही हीच चाचणी करून तुलना करतो.

पाणी कुठले, यावर एवढा भर का? कारण उत्तर पॉलिसीत दडलेले असते. जगभर माल विमा बहुधा 'इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस'च्या ए, बी किंवा सी या तीन प्रकारांत दिला जातो. 'ए' सर्वात व्यापक असतो. त्यात वगळलेली कारणे सोडून बाकी अपघाती नुकसान धरले जाते. 'बी'मध्ये समुद्राचे पाणी कंटेनरमध्ये शिरल्याचे नुकसान मिळते, पण पावसाचे नाही. 'सी'मध्ये आग, जहाज बुडणे, टक्कर अशी मोठी संकटे येतात; समुद्राचे पाणी कंटेनरमध्ये शिरणे त्यात बसत नाही.

इथेच अनेक आयातदार फसतात. सीआयएफ अटीवर माल घेतला, तर विमा विक्रेता काढतो. इन्कोटर्म्स २०२० नुसार करारात वेगळे ठरले नसेल, तर त्याने फक्त 'सी' विमा काढला तरी पुरते. 'विमा आहे' असे समजून आयातदार निर्धास्त राहतो आणि पोती ओली निघाल्यावर त्या विम्यातून काहीच मिळत नाही. तिन्ही प्रकारांत उशिरामुळे, अपुऱ्या पॅकिंगमुळे किंवा मालाच्या मूळ दोषामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. काजू मुळातच दमट भरला असेल आणि त्यामुळे बुरशी आली, तर 'ए' पॉलिसीही उपयोगी पडत नाही.

इनव्हॉइसचा उपयोग काय?

इनव्हॉइसवरून मालाची किंमत ठरते. आपल्या उदाहरणात माल, भाडे आणि विमा मिळून २० लाख रुपये झाले. त्यावर १० टक्के जास्त धरून विमा काढण्याची रूढी आहे, म्हणून विम्याची रक्कम २२ लाख. म्हणजे एका पोत्यामागे ११ हजार. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग यांतली पोत्यांची संख्या, वजन आणि खुणा जुळायला हव्यात. त्या जुळल्या नाहीत, तर दावा तिथेच अडकतो.

मग मागायचे किती?

६० पोत्यांची विमा रक्कम ६ लाख ६० हजार. पण एवढी मागता येत नाही, कारण ओल्या काजूलाही काही किंमत येते. सर्व्हेअरच्या सल्ल्याने तो ४,८०० रुपये पोत्याने विकला गेला. त्या दिवशी चांगल्या पोत्याचा बाजारभाव १२ हजार होता. म्हणजे किंमत ७,२०० रुपयांनी, अर्थात ६० टक्क्यांनी घटली.

अनेक जण ७,२०० गुणिले ६० करून ४ लाख ३२ हजारांचा दावा लावतात. तो चुकीचा. भारताच्या १९६३च्या सागरी विमा कायद्यानुसार बाजारभावावरून फक्त घटीचे प्रमाण काढायचे आणि ते विम्याच्या रकमेला लावायचे. म्हणजे ६ लाख ६० हजारांच्या ६० टक्के : ३ लाख ९६ हजार. बाजार चढला किंवा पडला, तरी त्याचा नफा-तोटा दाव्यात येत नाही. पॉलिसीत एकूण रकमेच्या अर्धा टक्का 'एक्सेस' असेल, तर ११ हजार वजा होऊन हाती ३ लाख ८५ हजार येतात. मालकाने भरलेली सर्व्हेची वाजवी फी दाव्यात वेगळी जोडता येते.

फाइलमध्ये काय हवे?

पॉलिसी, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, सर्व्हे रिपोर्ट, ओल्या मालाच्या विक्रीचे बिल, जहाज कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि दाव्याच्या रकमेचा हिशोब. हिशोबातला प्रत्येक आकडा यांपैकी एखाद्या कागदावर सापडला पाहिजे. ६० पोती आणि ६० टक्के घट सर्व्हे रिपोर्टमध्ये, ११ हजार पॉलिसी व इनव्हॉइसमध्ये, ४,८०० विक्रीच्या बिलात.

एक तारीखही लक्षात ठेवायला हवी. जहाज कंपनीवर दावा दाखल करण्याची मुदत माल मिळाल्यापासून एक वर्षाची असते. विमा कंपनीशी पत्रव्यवहार लांबला तरी ती आपोआप वाढत नाही. वर्ष संपत आले असेल, तर जहाज कंपनीकडून मुदतवाढ लेखी घ्यावी लागते.