ड्युट्या समान, भार असमान

‘प्रत्येक शिक्षकाला पर्यवेक्षणाच्या सारख्याच ड्युट्या द्याव्यात’ हे आपल्या वाचकाचे पत्र वाचले. तळमळ पटली, हिशेब पटला नाही. कोल्हापूर विभागातील दहावीच्या केंद्रावर २५ विद्यार्थ्यांच्या ब्लॉकला एक पर्यवेक्षक लागतो, आणि पेपर चालू असतानाच अनेक शाळांत नववीचे वर्गही भरतात.

समजा, दोघांना ४-४ ड्युट्या आल्या. गणिताच्या बाईंचे त्यात नववीचे ८ तास बुडाले, दुसऱ्या सरांचा एकही नाही, कारण त्यांचे तास सकाळीच संपतात. हे समान वाटप कसे म्हणायचे?

म्हणून केंद्रसंचालकांनी वहीत ड्युटीशेजारी बुडालेले तासही लिहावेत. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाचे शिक्षक आधी वगळावेत. उरलेल्यांत त्या वेळी मोकळा असलेला आणि आजवर सर्वांत कमी ड्युट्या केलेला शिक्षक निवडावा. मोकळे कुणी नसेल तरच तास बुडवावा आणि पुढच्या वाटपात तो त्या शिक्षकाच्या खात्यावर जमा धरावा. राखीव म्हणून थांबणेही मोजावे. तीही वेळ गेलेलीच असते.

यात गणित-इंग्रजीवाल्यांच्या ड्युट्या कमी दिसतील आणि कुरबुर होईल. त्यासाठी ती वही शिक्षकखोलीत सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी.

– एक माध्यमिक शिक्षक, कोल्हापूर