बाळाच्या पाळण्याशी धूर नको, मच्छरदाणी हवी

पावसाळ्यात वर्धा जिल्ह्यातल्या अनेक घरांत संध्याकाळी निंबाचा पाला जाळतात, तेलात कापूर घालून दिवा लावतात, नाहीतर पाळण्याखाली कॉइल पेटवतात. झाडपाल्याचे ते निर्धोक आणि दुकानातले मलम तेवढे विषारी, अशी यामागची समजूत आहे. ती खोटी आहे, आणि तिची झळ सर्वांत आधी तान्ह्या बाळाला बसते.

प्रथम धुराचे पाहू. एक कॉइल जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. निंबाच्या पाल्याचा धूरही बाळाच्या श्वासनलिकेला तितकाच नकोसा असतो. कापूर किंवा नीलगिरीचे तेल चुकून पोटात गेले, तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. लिंबगंधी नीलगिरीपासून काढलेले डासरोधक तर तीन वर्षांखालील मुलांना लावूच नये. सुट्या विकल्या जाणाऱ्या डासांच्या अगरबत्त्यांबाबत आणखी सावध राहावे. कीटकनाशक कायदा, 1968 नुसारचा नोंदणी क्रमांक वेष्टनावर नसेल, तर आत कोणते रसायन आहे हे विकणाराही सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप गरोदर स्त्रीबद्दलचा. ‘पोटातल्या बाळाला बाधेल, म्हणून तिने काहीच लावू नये,’ असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. काळजी खरी, निष्कर्ष चुकीचा. थायलंडच्या सीमेवर 897 गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत 20 टक्के डीट असलेले मलम चौथ्या महिन्यापासून पुढे रोज वापरले गेले. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत आई किंवा बाळाला अपाय झाल्याचे दिसले नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या स्त्रिया त्या चाचणीत नव्हत्या, म्हणून तेव्हा डॉक्टरांना विचारून मलम घ्यावे आणि भर जाळीवर व अंगभर कपड्यांवर ठेवावा. मात्र गरोदरपणी झालेल्या मलेरियाने आईचे रक्त कमी होते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. काहीच न लावणे हा सुरक्षित मार्ग नव्हे.

तिसरा युक्तिवाद असा, की डेंग्यूचा डास दिवसा चावतो, मग मच्छरदाणी काय कामाची? मोठ्या माणसाच्या बाबतीत यात थोडे तथ्य आहे. पण तान्हे बाळ दिवसाचा बराच वेळ झोपूनच काढते. त्याची मच्छरदाणी दुपारीही लावली, तर हा युक्तिवाद तिथेच संपतो.

आता नेमके काय करावे? सेलूतले एक घर धरू: माहेरी आलेली गरोदर लेक, वहिनीचे दीड महिन्याचे बाळ आणि अंगणवाडीत जाणारा चार वर्षांचा मुलगा.

दोन महिन्यांखालच्या बाळाला कोणतेही डासरोधक लावू नये. त्याला फक्त मच्छरदाणी. ती चारी बाजूंनी गादीखाली खोचावी आणि अंगाला टेकू देऊ नये, कारण टेकलेल्या जाळीतून डास चावतो. लोंबती नाडी बाळाच्या हाती लागणार नाही, हेही पाहावे. कीटकनाशक भारित मच्छरदाणी मिळाली, तर ती आधी एक दिवस सावलीत पसरून मग वापरावी. ती बाळालाही चालते. धुतल्यावर उन्हात वाळवू नये.

चार वर्षांच्या मुलाला बाहेर खेळताना मलम चालेल, पण ते मोठ्यांनी आधी स्वतःच्या हातावर घेऊन लावावे. मुलाचे तळहात, डोळे, तोंड आणि जखमा टाळाव्यात, कपड्यांखाली लावू नये आणि घरी आल्यावर साबणाने धुवावे. वेष्टनावरची डीटची टक्केवारी म्हणजे मुख्यतः परिणामाचा कालावधी. 10 टक्के साधारण दोन तास पुरते, 30 टक्के पाच तास. मुलांना त्याहून अधिक कधीच नको. लेकीनेही अंगणात बसताना हेच मलम वापरावे. बाळंतीण झाल्यावर मात्र स्तनांवर लावू नये आणि बाळाला घेण्यापूर्वी हात धुवावेत.

उरली खिडकी. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसतो आणि त्यासाठी जाळी काढली जाते. पुढे कूलरच्या चौकटीभोवतीच्या फटींतून डास आत येतात, आणि टाकीतले साचलेले पाणी त्यांना अंडी घालायला सोयीचे पडते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून टाकी दर आठवड्याला रिकामी करून तिच्या कडा घासून वाळवाव्यात. फटी बंद कराव्यात आणि पाऊस लागला की कूलर काढून जाळी परत बसवावी. कूलर नसलेल्या खिडकीची जाळीही तपासावी. तिला बोटाएवढे भोक असले तरी ती निकामीच.

मलम उंबरठ्याबाहेरच्या वेळेपुरते, खोलीला जाळी आणि झोपेला मच्छरदाणी, अशी ही विभागणी आहे. यातले एक दुसऱ्याची जागा घेत नाही. आज संध्याकाळी कॉइल पेटवण्याआधी पाळण्यावर मच्छरदाणी बांधा, आणि मग कॉइल पेटवूच नका.