अध्यक्षांच्या हातातला एक कागद

व्याख्यानाच्या कार्यक्रमात पाहुण्यांचा परिचय अध्यक्षांनी करून द्यायचा असं ठरलं की तो लिहून देण्याचं काम कार्यकारिणीतल्या कुणातरी शिक्षकाच्या नाहीतर ग्रंथपालाच्या गळ्यात पडतं. पाहुण्यांकडून तीन-चार पानी बायोडाटा आलेला असतो. वेळ थोडा असतो, म्हणून त्याच बायोडाटाची वाक्यं जोडून एक पान तयार होतं: जन्म, शिक्षण, पदव्या, नोकरी, सदस्यत्वं, परदेश दौरे, पुरस्कार. अध्यक्ष ते पान व्यासपीठावरच पहिल्यांदा पाहतात, दोनदा अडखळतात आणि दहा मिनिटं वाचतात. तोवर सोलापूरच्या हुतात्मा स्मृतिमंदिराच्या मागच्या रांगांत चुळबुळ सुरू झालेली असते आणि पाहुणे मान खाली घालून बसलेले असतात.

या कागदाबद्दल माझं मत ठाम आहे. तो सव्वा मिनिटाचा असावा आणि त्याने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: आजच्या विषयावर, आजच्या श्रोत्यांसमोर, बोलायला हीच व्यक्ती का? कर्तृत्व त्या उत्तराच्या पोटात यावं. ज्या गोष्टीने हे उत्तर पक्कं होत नाही ती कितीही मोठी असली तरी त्या दिवशी गाळावी. मान द्यायचा तो शाल-श्रीफळाने देऊन झालेला असतोच.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊन हे करून पाहू. समजा, शिक्षकांच्या एका मेळाव्यात रणजितसिंह डिसले यांचं व्याख्यान आहे आणि विषय आहे ‘पाठ्यपुस्तक आणि मोबाइल’. अध्यक्षस्थानी शहरातले एक टॉवेल कारखानदार आहेत. शिक्षणाशी त्यांचा संबंध देणगीदार म्हणून. घरची भाषा तेलुगू, मराठी उत्तम, पण छापील जड मराठी मोठ्याने वाचायची सवय नाही. सोलापुरात असे अध्यक्ष पुष्कळदा लाभतात आणि त्यांच्या तोंडी काय द्यायचं याचा विचार लिहिणाऱ्यानेच करायला हवा.

डिसले गुरुजींविषयी हाताशी माहिती भरपूर आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते २००९ साली रुजू झाले. पाठ्यपुस्तकातल्या धड्यांना त्यांनी क्यूआर कोड जोडले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झालं. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधून अभिनेते स्टीफन फ्राय यांनी ती घोषणा केली. पुरस्कार दहा लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, म्हणजे प्रत्येकाला सुमारे ५५ हजार डॉलर. १४०हून अधिक देशांतून आलेल्या बारा हजारांवर नामांकनांतून त्यांची निवड झाली होती. मायक्रोसॉफ्टच्या शिक्षक-उपक्रमातला सहभाग आहे, वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं करणारा उपक्रम आहे. हे सगळं सांगण्यासारखंच आहे. पण समोर बसलेल्या शिक्षकांना यातलं काय लागू पडतं?

त्या शिक्षकांच्या रोजच्या पुस्तकात क्यूआर कोडचा चौकोन असतो. तो तिथे कसा आला हे मात्र सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. तेव्हा दार इथूनच उघडतं. मी लिहीन तो कागद असा:

“आजचा विषय आहे, पाठ्यपुस्तक आणि मोबाइल. आपण रोज जी पुस्तकं शिकवता, त्यांत एक काळा-पांढरा चौकोन असतो. तो क्यूआर कोड. पाठ्यपुस्तकांत हे कोड येण्याआधी ज्यांनी आपल्या वर्गात ते वापरून पाहिले, ते शिक्षक आज आपल्यासमोर आहेत. ते आपल्याच जिल्ह्यातले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते दोन हजार नऊ साली रुजू झाले. त्यांनी धड्यांना कोड जोडले. कोड मोबाइलने टिपला की मुलांना कविता ऐकू यायची, चित्रफीत दिसायची. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनीही ही पद्धत घेतली. दोन हजार वीस साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिली. छोट्या शाळेत, हाताशी असेल त्या साधनांनी, हे कसं करायचं ते आता त्यांच्याकडूनच ऐकू. श्री. रणजितसिंह डिसले.”

सावकाश वाचलं तरी हे सव्वा मिनिटाच्या आसपास संपतं. मोठ्याने, सभागृहात ऐकू जाईल असं वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपलीकडे जाऊ नये, हा माझा हिशेब.

यातून स्टीफन फ्राय गेले, म्युझियम गेलं, बारा हजार नामांकनंही गेली. नामांकनांचा आकडा सोडताना जीवावर येतं, कारण तो छाती फुगवणारा आहे. पण तो ऐकून शिक्षकाला एवढंच वाटतं की हे आपल्या आवाक्यातलं काम नव्हे, आणि मग पुढच्या तासभरातलं व्याख्यान तो दुरून ऐकतो. परितेवाडी हे नाव याच्या उलट काम करतं. जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्याला ते नाव ऐकताच ती शाळा डोळ्यांसमोर दिसते.

निम्मी रक्कम वाटल्याचं वाक्य का ठेवलं, असं कुणी विचारेल. विषयाशी त्याचा थेट संबंध नाही. ते ठेवलं कारण त्यातून माणूस कळतो आणि समोरचे सगळे त्याच्याच व्यवसायातले आहेत. हेच व्याख्यान एखाद्या सहकारी बँकेच्या वर्धापनदिनी असतं आणि विषय ‘मिळालेल्या पैशाचं काय करावं’ असा असता, तर मी या वाक्यानेच सुरुवात केली असती, आकड्यांसकट, आणि क्यूआर कोड एका ओळीत आटोपला असता. माणूस तोच, कागद वेगळा. म्हणून मागच्या कार्यक्रमाचा परिचय तारीख बदलून पुन्हा वापरला की तो हमखास फसतो.

सोलापूरच्याच मारुती चितमपल्लींचं उदाहरण घेतलं तरी हेच दिसेल. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. वनरक्षकांच्या प्रशिक्षणात त्यांचा परिचय करून द्यायचा असता तर वनखात्यातली प्रदीर्घ नोकरी आधी यायला हवी होती, कारण श्रोत्यांच्या अंगावर तोच गणवेश. मराठीच्या विद्यार्थ्यांपुढे मात्र पाखरांना आणि झाडांना मराठी नावं मिळवून देणारा लेखक आधी, आणि त्यासोबत २००६च्या सोलापूर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. दोन्ही ठिकाणी पुस्तकांची सगळी यादी वाचण्याचं कारण नव्हतं. विषयाला धरून असलेलं एक पुस्तक पुरलं असतं.

आता चुका कुठे होतात ते. डिसले यांच्या परिचयात तीन ठिकाणी पाय घसरू शकतो. पहिलं, ‘युनेस्कोचा पुरस्कार’. तो वार्की फाउंडेशनचा आहे. युनेस्को त्यात भागीदार होती. दुसरं, ‘क्यूआर कोडचे जनक’. तो कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. परितेवाडीत त्याचा शाळेसाठी उपयोग झाला आणि मोठेपण तिथेच आहे. तिसरं, ‘सगळी रक्कम दान केली’. निम्मी दिली. कौतुकाच्या भरात वाढवलेलं वाक्य पाहुण्यांना अवघड जागी आणतं: खोडून काढावं तर अध्यक्षांचा अवमान, गप्प बसावं तर खोट्याला संमती. म्हणून कागद पक्का झाला की तो पाहुण्यांना पाठवावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: नाव असंच लिहायचं ना, तपशील बरोबर आहेत ना, आणि यातलं काही तुम्ही भाषणात सांगणार आहात का? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. वक्त्याने भाषणाच्या सुरुवातीला सांगायचा म्हणून राखून ठेवलेला प्रसंग अध्यक्षांनी आधीच सांगून टाकला तर वक्त्याची पंचाईत होते. म्हणून वरच्या कागदात वर्गातला एकही प्रसंग नाही.

कागद वाचणाऱ्याच्या तोंडात बसायला हवा. साल अंकांत न लिहिता ‘दोन हजार वीस’ असं अक्षरांत लिहावं, म्हणजे नजर थांबत नाही. ‘जि. प.’, ‘ता. माढा’ अशी संक्षिप्त रूपं पूर्ण लिहावीत. ‘अध्यापनक्षेत्रातील नावीन्यपूर्ण प्रयोगशीलता’ हे कागदावर शोभतं, पण मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. ‘वर्गात वापरून पाहिले’ हे कुणालाही वाचता येतं. इंग्रजी नावं देवनागरीतच द्यावीत. डिसले हे नाव रोमन लिपीत पाहून भलतंच वाचणारे आपल्याकडेही आहेत. अक्षर मोठं, ओळी सुट्या, आणि मजकूर कागदाच्या एकाच बाजूला. वाक्य एका ओळीच्या मध्यात तुटून दुसरीकडे जात असेल तर ओळ आधीच तोडावी.

अध्यक्षांच्या वतीने ‘माझे जुने स्नेही’ किंवा ‘मी त्यांचा चाहता आहे’ असं लिहू नये. अध्यक्षांचं आणि पाहुण्यांचं नातं लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. आपुलकीच्या एका वाक्यासाठी शेवटून दुसऱ्या ओळीत मोकळी जागा ठेवावी आणि अध्यक्षांना तसं सांगावं. कारखानदार अध्यक्षांना कदाचित आठवेल की त्यांच्या मागावरच्या कामगाराचा मुलगा असा कोड टिपून अभ्यास करतो. तसं त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर फार बरं. लिहून दिलेलं त्याच्यापुढे फिकं पडेल.

नाव शेवटी ठेवण्याबद्दल वाद आहे. निमंत्रणपत्रिकेवर नाव छापलेलंच असतं, मग दडवायचं कशाला, असं काही जण म्हणतात. दडवण्याचा हेतू नाहीच. नाव शेवटचा शब्द असलं की टाळ्या आपोआप तिथे येतात, पाहुणे उठतात आणि अध्यक्षांना ‘मी त्यांना विनंती करतो की त्यांनी आपले मौलिक विचार मांडावेत’ हे घोळदार वाक्य म्हणावं लागत नाही. डिसले यांच्यासारखं नाव सगळ्या जिल्ह्याला ठाऊक असलं तरी हे चालतं.

कागद अध्यक्षांच्या हाती कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी जावा आणि त्यांनी तो एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, असा आग्रह धरायला संकोच करू नये. ते जिथे अडखळतील तो शब्द त्यांच्यासमोरच बदलायचा. दुसरी प्रत सूत्रसंचालकाकडे असावी, कारण अध्यक्षांचा चष्मा किंवा कागद यातलं एक काहीतरी ऐन वेळी गाडीत राहतं. आणि सूत्रसंचालकाने ‘आता अध्यक्ष पाहुण्यांचा परिचय करून देतील’ एवढंच म्हणावं. त्याने स्वतःच पाच मिनिटं पाहुण्यांविषयी बोलून घेतलं तर हा सगळा खटाटोप वाया जातो. तेव्हा त्याच्याशीही आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवावं.