शिष्यवृत्तीवर कर नाही, पण क्लासने कापलेले पैसे कोण परत आणणार?

आपल्या शिरूर अनंतपाळ तालुक्यातली बरीच पोरं लातूरला शिकतात. कुणाला शिष्यवृत्ती मिळते, कुणी युवा कार्य प्रशिक्षणाचं विद्यावेतन घेतं, कुणी संध्याकाळी क्लासमध्ये शिकवतं. पैसा सगळा एकाच बँक खात्यात जमा होतो. मग कुणीतरी सांगतं, "पॅन कार्ड आहे ना, रिटर्न भरावंच लागतं." दुसरा म्हणतो, "विद्यार्थ्याला काहीच नसतं." दोघंही अर्धवट सांगतात. कायद्याला तुम्ही विद्यार्थी आहात का, याच्याशी देणंघेणं नाही. पैसा कशाबद्दल मिळाला, एवढंच तो बघतो.

शिक्षणाचा खर्च भागवायला दिलेली शिष्यवृत्ती आयकर कायद्याच्या कलम 10(16) खाली पूर्ण करमुक्त आहे. रक्कम कितीही असो. महाडीबीटीवरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती यात आली. कामाच्या बदल्यात मिळालेला पैसा मात्र उत्पन्नच, मग त्याला पगार म्हणा, मानधन म्हणा नाहीतर स्टायपेंड. नुसतं नाव बदलून करमाफी मिळत नाही.

आता रिटर्न कधी भरायचं? आर्थिक वर्ष 2025-26 साठी नव्या करप्रणालीत मर्यादा 4 लाख रुपये आहे. करपात्र उत्पन्न त्याच्या आत असेल तर साधारणपणे सक्ती नाही, आणि शिष्यवृत्ती या हिशोबात धरतच नाहीत. युवा कार्य प्रशिक्षणात पदवीधराला महिना 10 हजार मिळतात. अकरा महिन्यांचे 1 लाख 10 हजार झाले. ते सगळे करपात्र धरले तरी मर्यादेच्या खूप खाली.

पुण्यातल्या कंपनीत महिना 40 हजारांवर वर्षभर ट्रेनी असलेल्याचं गणित वेगळं. त्याचे 4 लाख 80 हजार होतात. 12 लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे त्याला कर शून्य, पण उत्पन्न 4 लाखांच्या वर गेल्यामुळे रिटर्न बंधनकारक. "कर शून्य म्हणजे रिटर्न नाही" हा गैरसमज इथंच महागात पडतो. मुदत चुकली तर एवढ्या उत्पन्नावर 1 हजार रुपये विलंब शुल्क बसतं.

मला जास्त बोलायचंय ते क्लासमध्ये शिकवणाऱ्या पोरांबद्दल. समजा आपल्याकडचा एक मुलगा लातूरला एमएस्सी करतो आणि नीटच्या क्लासमध्ये मुलांच्या शंका सोडवतो. महिना 12 हजार ठरले, दहा महिने काम केलं. शिवाय 20 हजार शिष्यवृत्ती. क्लासने त्याला नोकरदार न दाखवता व्यावसायिक फी दाखवली आणि 10 टक्के टीडीएस कापला. 1 लाख 20 हजारांपैकी हातात आले 1 लाख 8 हजार. कर शून्य, रिटर्नची सक्तीही नाही. पण कापलेले 12 हजार परत हवे असतील तर रिटर्न भरण्याशिवाय दुसरा रस्ता नाही. पॅन दिलंच नसेल तर कपात 20 टक्के होते आणि ती त्याच्या नावावर दिसतच नाही.

कापले की नाही हे ओळखायचं कसं? आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर Form 26AS उघडा. तिथं क्लासचं नाव, रक्कम आणि कलम दिसतं. हातात पैसे कमी आले आणि तिथं नोंदच नाही, तर क्लासने कापून भरले नाहीत किंवा पॅन चुकवलं, असं समजा आणि लगेच विचारा. पैसे कापणाऱ्याने Form 16A द्यायचा असतो, तो मागून घ्या. कलम 194J दिसलं तर पगारवाल्यांचा ITR-1 डोळे झाकून भरू नका, बहुतेक वेळा ITR-4 लागतो. भरण्याआधी पॅन-आधार जोडलेलं आहे का आणि बँक खातं पोर्टलवर पडताळलेलं आहे का, ते बघा. भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर रिटर्न भरलं नाही असंच धरतात. मुदत हुकली तरी यंदाचं रिटर्न 31 डिसेंबर 2026 पर्यंत भरता येतं.

आणि एक. नेट कॅफेवाला "जास्त रिफंड काढून देतो" म्हणत खोट्या वजावटी टाकत असेल तर तिथून उठा. नोटीस तुमच्या नावानं येते, त्याच्या नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. क्लासवाल्यांनी पहिल्याच दिवशी लिहून द्यावं की हा पगार आहे की फी, आणि किती कापणार. संस्थांनीही मंजुरीपत्रात स्पष्ट लिहावं की ही शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती आहे की कामाचा मोबदला. एका ओळीचं काम आहे. ती ओळ नसल्यामुळे पोरं 12 हजार सोडून देतात. आपल्याकडं तेवढ्यात खोलीभाडं आणि मेसचे दोन-तीन महिने निघतात.

घरात असं कुणी असेल तर आज रात्री त्याला 26AS उघडायला लावा.