धुरातली वाट जमिनीलगत

२९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्स आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. चौदा जण मृत्युमुखी पडले, त्यांतील बहुतेक गुदमरून. बाहेर पडण्याची वाट न सापडल्याने अनेकांनी प्रसाधनगृहाचा आसरा घेतला होता.

तापलेला धूर प्रथम छताखाली साठतो आणि तेथून खाली उतरत येतो. त्यामुळे दारावर उंच लावलेली ‘बाहेर’ ही पाटी सर्वांत आधी झाकली जाते. त्याच धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, आणि विचारशक्ती लवकरच मंदावते. वाकून, रांगत निघालेल्या माणसाला वाट दिसायची तर ती जमिनीलगतच आखलेली हवी. विमानात आसनांच्या मधल्या वाटेवर, पायांपाशी दिवे किंवा चमकत्या पट्ट्या असतात, त्या याचसाठी.

महाशिवरात्रीला आमच्या कुणकेश्वरातील निवासांत उतरणाऱ्या यात्रेकरूंना जिना कोठे आहे हे ठाऊक नसते. समजा, पहिल्या मजल्यावरील बोळाच्या एका टोकाला जिना व दुसऱ्या टोकाला न्हाणीघर आहे. तेथे भिंतीच्या पायथ्याने प्रत्येक खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंत सलग पट्टी हवी. तुटक बाण पुरत नाहीत, कारण दाट धुरात हातभर अंतरावरचेच दिसते. जिन्याच्या दाराची चौकट आणि प्रत्येक पायरीची कडही आखावी. न्हाणीघराच्या दाराला मात्र पट्टी मुळीच लावू नये.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. गाड्यांना लावतात त्या पट्टीलाही आपण ‘रेडियम’ म्हणतो आणि अंधारात चमकणाऱ्या पट्टीलाही. रेडियम दोहोंतही नसते. पहिली केवळ प्रकाश पडला तरच उजळते. दुसरी प्रकाश साठवून नंतर स्वतः हिरवट चमकते. दुकानातच थोडा वेळ दिव्याखाली धरून ओंजळीच्या अंधारात पाहावी. चांगल्या पट्टीत स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते व ती काही तास मंद दिसत राहते. जुन्या झिंक सल्फाइडची चमक फार लवकर विझते.

मात्र ही पट्टी उपाशी राहिली तर निरुपयोगी. वीज वाचवण्यासाठी बोळातील दिवा रात्रभर बंद ठेवला, तर पहाटे तिच्यात साठा उरत नाही. पिवळ्या दिव्यापेक्षा पांढऱ्या दिव्याखाली ती अधिक भरते. परीक्षा पहाटे घ्यावी: बोळातील दिवे मालवून, उजेडाच्या खोलीतून एकदम बाहेर यावे. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि धुरात तेवढा अवधी नसतो. म्हणून पट्टी त्याच क्षणी दिसली तरच खरी. न दिसल्यास पायथ्याशी बॅटरीवर चालणारे छोटे दिवे बसवावेत. आपल्या खाऱ्या, दमट हवेत बॅटरीची टोके गंजतात आणि पट्टीचा गोंदही सुटतो. दर महिन्याला मुख्य बटण बंद करून दोन्ही पाहावे.