चातुर्मासाची अर्धी वही



आषाढ शुद्ध चतुर्दशीला घेतलेले नियम आपल्यापैकी बहुतेकजणी कार्तिक पौर्णिमेपर्यंत पाळतात. म्हणजे साधारण 120 दिवस. याचा मध्य बरोबर भाद्रपद पौर्णिमेला येतो. दशलक्षण संपलेले असते, अनंत चतुर्दशीचा उपवास सुटलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी क्षमावणी. नेमकी इथेच निम्मी घरे ढिली पडतात. पर्व झाले, आता काय, असे होते. माझे म्हणणे असे की क्षमावणीच्या आठवड्यात प्रत्येकीने आपली चातुर्मासाची वही उघडून हिशेब तपासावा. काय काढायचे, काय ठेवायचे आणि कशाचा वेग वाढवायचा, हे तिथेच ठरवावे.

पण त्याआधी एक रेघ मारावी लागते, आणि ती न मारल्यामुळेच सगळा गोंधळ होतो. वहीत लिहिलेली प्रत्येक गोष्ट नियम नसते. काही गोष्टी आपण जिनप्रतिमेसमोर किंवा माताजींसमोर हात जोडून घेतलेल्या असतात, तर काही उत्साहाच्या भरात नुसत्या लिहिलेल्या असतात. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी ठरावीक काळासाठी केलेल्या त्यागाला नियम म्हटले आहे आणि जन्मभराच्या त्यागाला यम. म्हणजे नियमाची मुदत नियमाच्या पोटातच असते. चार महिन्यांचा घेतला तर तो चार महिन्यांचाच, दोन महिन्यांनी तो बंद करायचा अधिकार आपल्याकडे नाही. इच्छेने लिहिलेली गोष्ट मात्र कमी करता येते. ती कमी करण्यात पाप आहे असे मला वाटत नाही.

यंदा माझ्या धाकट्या जाऊबाई वही घेऊन आल्या. “अक्का, तुम्ही कॉमर्सवाल्या, बघा जरा, मला सगळंच अर्धवट दिसतंय,” म्हणाल्या. बघितले तर सगळे अर्धवट नव्हते.

माताजींसमोर घेतलेले नियम तीनच होते: रात्रिभोजन त्याग, पालेभाजी त्याग आणि अष्टमी-चतुर्दशीला एकाशन. बाकी सव्वा लाख णमोकार जाप, रत्नकरंड पूर्ण वाचणे, रोज मोबाईलवरची धार्मिक प्रश्नमंजुषा, तीन ठिकाणची प्रवचने, हे सगळे त्यांनी घरी बसून लिहिलेले होते.

आधी जाप घेतला, कारण त्याचाच ताण जास्त होता. सव्वा लाख म्हणजे 1158 माळा. साठ दिवसांत झाल्या 410. उरल्या 748, म्हणजे आता रोज बारा-साडेबारा. मी विचारले, एका माळेला किती वेळ लागतो? म्हणाल्या, आठ मिनिटे. आता आपल्याकडे कायोत्सर्गात नऊ णमोकार सत्तावीस श्वासोच्छ्वासांत म्हणतात, म्हणजे एका मंत्राला तीन श्वास. त्या हिशेबाने 108 मंत्रांना 324 श्वास लागतात. शांत बसलेल्या माणसाचे मिनिटाला पंधरा श्वास धरले तरी एका माळेला वीस मिनिटांच्या वर वेळ हवा. आठ मिनिटांत माळ होते तेव्हा बोटे पुढे जातात आणि मंत्र मागे राहतो. आणि रोज बारा माळा नीट करायच्या तर चार तासांहून जास्त. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असताना ते होणार नाही, आणि होऊही नये. सव्वा लाख आम्ही खोडले. आता रोज तीन माळा, श्वासाबरोबर, म्हणजे साधारण एक तास. आकडा लहान झाला तर लोक काय म्हणतील, असे त्यांना वाटले. आकडा लोकांना सांगायचा कशाला, हे मला कळत नाही.

प्रश्नमंजुषा काढली. प्रवचन एकाच ठिकाणचे, जवळच्या मंदिरातले ठेवले. यावर जास्त चर्चा झाली नाही.

ठेवायच्या गोष्टींत खरी काळजी रात्रिभोजन त्यागाची होती, आणि ती त्यांच्या लक्षातच आली नव्हती. पहिले दोन महिने हा नियम निर्विघ्न पार पडला, म्हणून त्या खाली त्यांनी मोठी बरोबरची खूण केली होती. पण चातुर्मासाचा दुसरा अर्धा भाग पहिल्यासारखा नसतो. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे आषाढात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, भाद्रपद अखेरीस साडेसहाच्या आसपास आणि कार्तिकात सहाला. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे 48 मिनिटे आधी, ताट उचलणाऱ्या घरात हेच जेवण साडेसहावरून सव्वापाचवर येते. त्यात दिवाळीचा फराळ आणि पाहुणे. पहिल्या सहामाहीचा आकडा बघून दुसरीचा अंदाज बांधला की हिशेब असाच फसतो. म्हणून वहीच्या पुढच्या पानावर दर आठवड्याची सूर्यास्ताची वेळ पंचांगातून उतरवून घेतली आणि संध्याकाळचा स्वयंपाक साडेतीनला सुरू करायचा ठरला. नियम तोच, घड्याळ बदलले.

एकाशनात दोन अष्टम्या तापामुळे सुटल्या होत्या. जाऊबाई म्हणाल्या, “मग आता फक्त चतुर्दशीच करते, झेपेल तेवढं.” याला मी ठाम नाही म्हटले. हिशेबाच्या वहीत चुकलेली नोंद खोडरबरने पुसत नाहीत, तिच्याखाली दुरुस्तीची नोंद करतात, म्हणजे काय घडले ते दिसत राहते. नियमात खंड पडला तर माताजींना जाऊन सांगायचे आणि त्या देतील ते प्रायश्चित्त घ्यायचे. प्रकृतीला खरेच झेपत नसेल तर तेही त्यांनाच सांगायचे, आणि डॉक्टरांच्या गोळ्यांची वेळही सांगायची. आपणच जमाखर्च लिहायचा आणि आपणच तपासायचा, हे हिशेबात चालत नाही.

वेग वाढवायला एकच गोष्ट निवडली: रत्नकरंड. त्याचे श्लोक 150. जाऊबाईंचे झाले होते 41, म्हणजे सम्यग्दर्शनाचा पहिला अधिकार. उरले 109. रोज दोन श्लोक अर्थासह घेतले तर पंचावन्न दिवस लागतात, आणि पाच दिवस दिवाळीच्या धावपळीसाठी हाताशी राहतात. फक्त क्रम थोडा बदलायला सांगितला. आधी गुणव्रते आणि शिक्षाव्रते वाचावीत, बाकीचे नंतर. कारण आपण जे पाळतो आहोत ते नेमके काय आहे, हे तिथे लिहिले आहे. भोगोपभोग परिमाण आहे, प्रोषधोपवास आहे, देशावकाशिकही आहे.

देशावकाशिकाकडे त्यांचे खास लक्ष वेधले. आयुष्यभरासाठी आखलेली जाण्यायेण्याची हद्द थोड्या काळासाठी आणखी आत घ्यायची, असे ते व्रत आहे. हद्द आत घेता येते, बाहेर सरकवता येत नाही. मध्यावर नियमात बदल करायचाच असेल तर तो याच दिशेने करता येतो. त्यांनी तिथल्या तिथे ठरवले की भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत नवीन साडी घ्यायची नाही. दिवाळीच्या तोंडावर! मी म्हटले, हे नुसते वहीत लिहायचे की माताजींसमोर घ्यायचे, ते आधी ठरव. त्यावर त्या अजून विचार करत आहेत.