एका व्याख्यानाचे दहा तुकडे कशाला?



७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं. हा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. गेल्या वर्षी त्यानिमित्त मेढ्यात पन्नास मिनिटांचं व्याख्यान झालं. आम्ही ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं, मिनिटामिनिटाचे दहा तुकडे केले आणि यूट्यूब, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळीकडे तेच टाकले. तिसऱ्या दिवशी एका पोराने विचारलं, "दादा, तोच व्हिडिओ किती वेळा पाठवणार?"

पोराचं बरोबर होतं. आम्ही घड्याळ बघून कापलं होतं. एक तुकडा "म्हणूनच त्यांनी" असा सुरू व्हायचा. 'त्यांनी' म्हणजे कोणी, हे मागच्या तुकड्यात राहिलेलं. दुसऱ्यात आरोप होता, पण पुरावा कापला गेला होता. असा तुकडा विरोधकाच्या हाती लागला की आपलंच भाषण आपल्यावर उलटतं.

म्हणून माझं म्हणणं आहे, मुद्दा बघून कापा. व्याख्यान पुन्हा ऐकल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहणारे मुद्दे तीनच निघाले. पहिला, शाळेच्या रजिस्टरमधली 'भिवा' ही नोंद. ही बघायची गोष्ट, म्हणून इन्स्टाग्रामवर चार चित्रांची पोस्ट. दुसरा, १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेल्या भावंडांना मसूर स्टेशनावर गाडीवानांनी बसवून घ्यायला दिलेला नकार. ही ऐकायची गोष्ट, म्हणून दीड मिनिटाची रील, आणि तिची सुरुवात थेट नकारापासून. तिसरा, शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागणारी कागदपत्रं. ही जपून ठेवायची गोष्ट, म्हणून व्हॉट्सॲपवर साधा मजकूर, व्हिडिओ नकोच. विषय एक, पण कुणालाही तीच गोष्ट दोनदा दिसत नाही.

पूर्ण व्याख्यान यूट्यूबवर राहू द्या. वर्णनात 0:00 पासून वेळा आणि शीर्षकं लिहिली, किमान तीन, तर व्हिडिओचे भाग पडतात. तुकड्यासोबत त्या जागेचीच लिंक द्या: मुद्दा 12:34 ला असेल तर लिंकच्या शेवटी `?t=754`, म्हणजे तितके सेकंद. लिंकमध्ये आधीच प्रश्नचिन्ह असेल तर `&t=754`. शंका घेणाऱ्याला मागचंपुढचं लगेच ऐकता येतं.

निम्मं काम मात्र रेकॉर्डिंगच्या वेळीच होतं. आडव्या चित्रातून उभी रील काढताना रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. वक्ता कडेला उभा असेल तर अर्धा चेहरा जातो. म्हणून त्याला मधोमध घ्या, आणि मोबाईलमध्ये 4K असेल तर तेच लावा, म्हणजे कापल्यावर चित्र फाटत नाही. एकाने वही घेऊन बसावं आणि मुद्दा आला की वेळ टिपावी. नाहीतर नंतर पन्नास मिनिटं पुन्हा ऐकावी लागतात, जशी आम्हाला लागली.

टाकण्याआधी तुकडा व्याख्यानाला न आलेल्या माणसाला दाखवा. "कोण? कधी?" असं त्याने विचारलं, तर तो तुकडा अजून तयार नाही. आणि मुद्दे तीनच निघाले तर तीनच टाका. चौथा ओढूनताणून काढाल, तर पहिले तीनही कुणी बघणार नाही.